स्पॉयलर न फोडता चार-पाच वाक्यांत सिनेमाविषयी मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा पाहून आल्यावर मी गेली अनेक वर्षं चार-पाच वाक्यांचं परीक्षण लिहितो. मोठा लेख लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण प्रत्येक शब्द एकटा पडतो आणि वाचणारा त्याचा अर्थ लावत बसतो. लिहिणारे मित्र मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहे.

स्पॉयलर नेमकं कशाला म्हणायचं? सगळी कथाच लपवायची का?

नाही. सिनेमा जी गोष्ट आपल्यापासून राखून ठेवतो आणि स्वतः ठरवलेल्या वेळी सांगतो, ती आधी सांगणं म्हणजे स्पॉयलर. नायक डॉक्टर आहे हे पहिल्याच दृश्यात दिसत असेल तर ते सांगायला हरकत नाही. तो डॉक्टर आहे हे तासाभराने उलगडत असेल, तर तीच माहिती स्पॉयलर ठरते. घटना मोठी की छोटी हा मुद्दा इथे गौण आहे. ती कधी कळावी हे कोणी ठरवलंय, ते पाहायचं.

दिग्दर्शकांनी या क्रमासाठी बराच खटाटोप केलेला आहे. 1957 सालच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’च्या शेवटी प्रेक्षकांना विनंती ऐकू येते, की ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांना शेवट सांगू नका. 1960 साली ‘सायको’च्या वेळी हिचकॉकने खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा नियम केला, आणि समीक्षकांसाठी आगाऊ खेळही ठेवला नाही. त्यांनीही तो सर्वसामान्य प्रेक्षकांसोबतच पाहिला. कुठली गोष्ट कधी कळणार, हा सिनेमाच्या रचनेचा भाग आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग कथेतलं किती सांगावं?

माझा हिशोब असा: पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जे उघडपणे दिसतं तेवढंच, आणि तेही एका वाक्यात. कोण, कुठे, कुठल्या अडचणीत, एवढं पुरतं. वाक्य लिहिताना ‘आणि मग’ असं मनात आलं की थांबायचं, कारण त्या ‘मग’च्या पुढे कथा सरकायला लागते.

‘ट्रेलरमध्ये दाखवलंय, मग मी का लपवू?’ असं बरेचजण विचारतात. ट्रेलर बनवणाऱ्याचं काम तिकीट विकण्याचं असतं, आणि त्यासाठी तो उत्तरार्धातली दृश्यंही बिनधास्त वापरतो. शिवाय ट्रेलर मुद्दाम टाळणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत. म्हणून ट्रेलर हे प्रमाण मानू नका, सिनेमाचा सुरुवातीचा भाग माना.

या नियमालाही मर्यादा आहे. काही सिनेमे दहाव्या मिनिटालाच मोठा धक्का देतात आणि पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा करतात. तिथे घड्याळ कामाचं नाही. तुम्ही स्वतः पाहताना जिथे दचकलात, त्याच्या अलीकडे थांबायचं.

‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ एवढंच लिहिलं तर काय बिघडलं? धक्का कुठला ते तर सांगितलं नाही!

बिघडतं. हे वाक्य वाचून बसलेला प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून पहारा देत बसतो. प्रत्येक पात्राकडे संशयाने बघतो, साध्या संवादात खाचाखोचा शोधतो, आणि दिग्दर्शकाने ज्या भावनेत त्याला गुंतवायचं ठरवलेलं असतं ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. धक्क्याची खरी ताकद तो येणार हे माहीत नसण्यात असते. तेव्हा वळण आहे, हे सांगणंसुद्धा वळण फोडणंच.

तुलनेचंही तसंच. एखादा सिनेमा एका विशिष्ट रहस्यासाठी सगळ्यांना माहीत असेल आणि तुम्ही लिहिलंत की ‘हा पाहताना तो आठवला’, तर वाचणाऱ्याने अर्धं कोडं सोडवलंच म्हणून समजा. तुलना करायचीच तर गतीची करा, प्रकाशाची करा, संवादांच्या ढंगाची करा. कथेच्या गाभ्याची करू नका.

मी कथा अजिबात सांगत नाही, तरी लोक म्हणतात कळलं. कुठून कळतं?

बहुतेक वेळा मराठीच्या व्याकरणातून. आपली भाषा या बाबतीत फार बोलकी आहे, आणि मला वाटतं आपण तिकडे पुरेसं लक्ष देत नाही.

पहिली जागा म्हणजे क्रियापद. मराठीत क्रियापद कर्त्याचं लिंग सांगून टाकतं. समजा सिनेमात कोणीतरी निनावी पत्रं पाठवतंय आणि पाठवणारी व्यक्ती बाई आहे हे शेवटी कळतं. ‘मारेकरी’, ‘गुन्हेगार’ असे शब्द वापरून तुम्ही सावध राहिलात आणि वाक्य पूर्ण करताना हात वळणाने लिहून गेला, ‘गुन्हेगार सतत आपल्या डोळ्यांसमोर असते’. संपलं. त्या एका ‘असते’ने निम्मे संशयित बाद केले. उपायही भाषेतच आहे. आपण बोलताना ‘कोण आलं?’, ‘कोण बोलतंय?’ असं नपुंसकलिंगी सहज म्हणतो. ‘ही पत्रं कोण पाठवतंय’ असं लिहिलं की काहीच फुटत नाही. नकारार्थी वर्तमानकाळही मदतीला येतो: ‘गुन्हेगार सापडत नाही’ यात बाई की पुरुष ते कळत नाही, पण ‘सापडला नाही’ किंवा ‘सापडली नाही’ म्हटलं की कळतं.

दुसरी जागा म्हणजे ‘वाटणं’. ‘प्रेमळ वाटणारा नवरा’, ‘साधासुधा दिसणारा शेजारी’. अशी विशेषणं लावली की वाचणाऱ्याला लगेच समजतं, की हा प्रेमळ नाही आणि तो साधासुधा नाही. सरळ ‘प्रेमळ नवरा’ लिहा. सिनेमा त्या क्षणी जे खरं म्हणून दाखवतो, तेच तुम्हीही खरं म्हणून लिहायचं.

तिसरी जागा काळाची. सिनेमाची गोष्ट वर्तमानकाळात सांगायची पद्धत आहे आणि ती कसोशीने पाळावी. बाकी सगळं वर्तमानात आणि मध्येच ‘त्याची बहीण फार समंजस होती’ असं आलं, तर ती बहीण मरणार हे उघड झालं. ‘पहिल्या भागात बहिणीचं काम सुरेख झालंय’ हेही त्यातलंच. दुसऱ्या भागात ती का नाही, असा प्रश्न लगेच पडतो.

नटांच्या कामाविषयी तरी मोकळेपणाने लिहिता येईल ना?

येईल, पण भूमिका किती मोठी आहे ते सांगू नका. माझ्या हातून ही चूक झालेली आहे. एका सिनेमाविषयी लिहिताना मी एका नावाजलेल्या नटाचं कौतुक केलं आणि ‘छोट्याशा भूमिकेतही छाप पाडतो’ असं वाक्य टाकलं. कथेचा एक शब्दही सांगितला नव्हता. चार दिवसांनी एक मैत्रीण सिनेमा पाहून आली आणि म्हणाली, ‘अरे, तू छोटी भूमिका म्हणालास, तेव्हा हा लवकर जाणार हे मला ठाऊकच होतं. तो गाडीत बसला तेव्हा मी नुसती वाट बघत होते.’ त्या दृश्यात सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं होतं. माझ्या त्या एका शब्दामुळे ती तेवढी कोरडी राहिली, आणि ते दृश्य तिला पुन्हा पहिल्यांदा पाहता येणार नव्हतं. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

‘दोन्ही रूपांत कमाल’, ‘खलनायकी छटाही झेपवतो’, ‘शेवटच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आणतो’ ही सगळी वाक्यं अशीच घातक आहेत. नटाचं काम सांगायचं तर त्याने काय केलं ते जवळून सांगा: आवाज कुठे खाली आणला, बोलण्याआधी किती थांबला, चहाचा कप हातात असताना हाताला काय झालं. कथेतल्या प्रसंगाचं नाव न घेता हे सांगता येतं.

एखादं उदाहरण घेऊन पूर्ण दाखवाल का?

दाखवतो. सिनेमा कल्पित घेऊ, म्हणजे कुणाचा रसभंग होणार नाही.

एक वयस्कर बाई एका दुमजली घरात एकटी राहते. तिचा मुलगा अपघातात गेलेला आहे. ती वरची खोली एका तरुणाला भाड्याने देते आणि दोघांत हळूहळू माया निर्माण होते. उत्तरार्धात कळतं, की अपघाताच्या रात्री ती गाडी हाच तरुण चालवत होता. शेवटी ती त्याला घराबाहेर न काढता जेवायला बोलावते.

यावर घाईने लिहिलेला मजकूर साधारण असा होतो:

‘काय जबरदस्त सिनेमा! मुलाला अपघातात गमावलेली आई आणि सालस वाटणारा भाडेकरू यांची ही गोष्ट मध्यंतरानंतर असं वळण घेते की डोकं सुन्न होतं. शेवटी त्या माउलीने घेतलेला निर्णय पाहून डोळे पाणावतात. सगळ्यांचा अभिनय उत्तम, छायाचित्रण सुंदर, पार्श्वसंगीत साजेसं. चुकवू नये असा अनुभव.’

इथे लिहिणाऱ्याने रहस्य कुठेच सांगितलेलं नाही, तरी ते फुटलेलं आहे. ‘अपघातात गमावलेली’ ही माहिती निरुपद्रवी आहे, कारण मुलाचा हार घातलेला फोटो पहिल्या पाच मिनिटांतच दिसतो. पण तिच्या शेजारी ‘सालस वाटणारा भाडेकरू’ आला आणि मागोमाग ‘वळण’ आलं, की वाचणारा तिन्ही जोडतो. एकटीदुकटी माहिती क्वचितच घात करते, शेजारीशेजारी ठेवलेली करते. पुढे ‘निर्णय’ आणि ‘डोळे पाणावतात’ यांनी ती त्याला माफ करणार हेही सांगून टाकलं.

आणि एवढं फोडूनही लिहिणाऱ्याचं मत काय ते कळलं का? ‘अभिनय उत्तम, छायाचित्रण सुंदर’ ही ओळ दुसऱ्या कुठल्याही सिनेमाखाली चिकटवता येईल. तिच्यावरून वाचणाऱ्याला काही ठरवता येत नाही.

आता तेच मत असं लिहून पाहू:

‘हा सिनेमा मला मनापासून आवडला, कारण तो दोन माणसांना जवळ यायला पुरेसा वेळ देतो. एकटी राहणारी एक वयस्कर बाई वरची खोली एका तरुणाला भाड्याने देते, एवढ्यावर तो सुरू होतो. कॅमेरा बराच वेळ जिन्याच्या पायथ्याशी उभा असतो, आणि कोण किती पायऱ्या चढून थांबतं यावरून त्या दोघांमधलं अंतर आपल्याला कळत राहतं. पार्श्वसंगीत मात्र शांत प्रसंगांनाही शांत राहू देत नाही आणि त्याचा मला त्रास झाला. भरभर घडणारं काही हवं असेल तर पहिला अर्धा तास जड जाईल.’

पाच वाक्यं आहेत. पहिल्यात मत आणि त्याचं कारण, दुसऱ्यात सुरुवात, तिसऱ्यात पुरावा, चौथ्यात खटकलेली गोष्ट, पाचव्यात हा कोणाला रुचणार नाही ते. अपघात मी मुद्दाम गाळला. तो सुरुवातीलाच कळतो, तेव्हा माझ्याच नियमाने तो सांगता आला असता. पण त्याच्याशिवाय वाक्य उभं राहतं, आणि न लिहिलेल्या माहितीवरून कोणी अंदाज बांधू शकत नाही. जिन्याच्या वाक्यात ‘कोण थांबतं’ असं लिहिलंय तेही पाहा. ‘थांबते’ किंवा ‘थांबतो’ लिहिलं असतं, तर दोघांपैकी कोण कचरतंय ते कळलं असतं.

या पाच वाक्यांचा साचा करून ठेवू नका. एखाद्या सिनेमात खटकण्यासारखं काही नसेल तर ते वाक्य उगाच शोधत बसायचं नाही. मत आणि पुरावा ही दोन मात्र हवीतच.

पुरावा सिनेमाच्या उत्तरार्धातला असेल तर?

घटना न सांगता हाताळणी सांगा. ‘एका लांबलचक प्रसंगात एकदाही कट नाही आणि संवादही नाहीत, तरी नजर हलत नाही’ एवढं म्हटलं की तुमच्या मताला आधार मिळाला आणि त्या प्रसंगात काय घडतं ते झाकलेलं राहिलं. आवाज, कट, प्रकाश, कॅमेऱ्याची जागा, शांतता या गोष्टी सहसा कथा फोडत नाहीत.

मला सिनेमा अर्धा आवडला, अर्धा नाही. मत स्पष्ट कसं ठेवू?

आधी स्वतःला विचारा: जवळच्या माणसाने ‘जाऊ का?’ असं विचारलं तर काय सांगाल? जे तोंडून निघेल ते पहिलं वाक्य.

मग ‘पण’कडे लक्ष द्या. ‘कथा रेंगाळते, पण संवाद खुसखुशीत आहेत’ आणि ‘संवाद खुसखुशीत आहेत, पण कथा रेंगाळते’ यांत माहिती एकच आहे, कौल उलटा आहे. मराठी वाचणारा ‘पण’च्या पुढचं धरून ठेवतो. तुमचा कौल ज्या बाजूला असेल ती बाजू ‘पण’नंतर ठेवा. आणि पाच वाक्यांत ‘पण’ एकदाच येऊ द्या. दोनदा आला की तुम्ही कुठे उभे आहात तेच कळत नाही.

‘एकदा पाहायला हरकत नाही’ हे वाक्य मी लिहिणं सोडून दिलंय. आवडला असेल तर आवडला म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं.

स्टार द्यावेत का?

द्यायचे तर द्या, पण वाक्यांशी ते जुळले पाहिजेत. वर तक्रारी आणि खाली साडेचार स्टार असं असेल तर वाचणारा दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.

शेवट फसला असेल आणि माझी मुख्य तक्रार तीच असेल, तर काय करायचं?

हा सगळ्यात कठीण प्रसंग, कारण तक्रार लपवली तर मत अप्रामाणिक होतं. अशा वेळी काय घडलं ते न सांगता ते कसं घडवलं ते सांगा. ‘शेवटची वीस मिनिटं घाईत उरकली आहेत’, ‘जे आधी दृश्यांतून सांगितलं जात होतं, ते शेवटी पात्रं भाषणासारखं बोलून दाखवतात’, ‘सिनेमाने स्वतः उभा केलेला प्रश्न सिनेमाच सोडून देतो’. यातल्या कुठल्याही वाक्याने शेवट काय आहे ते कळत नाही. वाचणाऱ्याची अपेक्षा थोडी खाली येते हे खरं. नापसंती सांगायची म्हटल्यावर तेवढं होणारच, आणि ते मला मान्य आहे.

‘शेवट पटला नाही’ एवढंच लिहिणं मात्र टाळा. का पटला नाही ते न कळल्यामुळे वाचणारा अंदाज बांधत बसतो: नायक मेला असेल, लग्न मोडलं असेल. अर्धवट तक्रार पुरत्या तक्रारीपेक्षा जास्त फोडते.

शेवट माहीत असला तरी मजा कमी होत नाही, असं संशोधन आहे म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

असं एक संशोधन खरंच आहे. 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. ज्यांना आधी सांगितला होता त्यांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. पण तो प्रयोग लघुकथांवर होता. सिनेमात अडीच तास अंधारात बसून, इतरांच्या श्वासांसकट अनुभवलेला ताण ही वेगळी गोष्ट आहे. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्षही सगळे एका बाजूचे नाहीत.

माझ्यासाठी मुद्दा वेगळाच आहे. शेवट माहीत असताना पाहण्याची मजा ज्याला हवी, त्याला दुसऱ्यांदा पाहता येतं. पहिल्यांदा काहीच माहीत नसताना पाहण्याची संधी एकदाच मिळते, आणि ती वापरायची की नाही हे त्याने ठरवायचं, मी नव्हे.

सिनेमा गाजलेल्या कादंबरीवर असेल किंवा खूप जुना असेल, तरीही?

तरीही. ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याच्यासाठी ती गोष्ट नवीच आहे. इतिहासातल्या घटनेवरचा सिनेमा असेल तर घटना सांगायला हरकत नाही, पण दिग्दर्शकाने ती कुणाच्या नजरेतून दाखवली हे कधीकधी राखून ठेवलेलं असतं. ते तपासून घ्या.

लिहून झाल्यावर काही फुटलं नाही ना, हे कसं ओळखायचं?

सिनेमा न पाहिलेल्या एका माणसाला वाचायला द्या आणि ‘आवडलं का?’ असं न विचारता ‘यात पुढे काय होत असेल?’ असं विचारा. तो खांदे उडवून ‘काय माहीत’ म्हणाला तर मजकूर ठीक आहे. दोन-तीन वेगवेगळे अंदाज केले तरी ठीक. पण एकच अंदाज ठामपणे केला आणि तो बरोबर निघाला, तर ‘कशावरून वाटलं?’ एवढं विचारा. तो बोट ठेवेल तो शब्द काढा. बहुतेक वेळा ते एखादं क्रियापद किंवा विशेषण असतं.

मग लगेच दुसरा प्रश्न: ‘मला सिनेमा आवडला की नाही?’ याचं उत्तर द्यायला त्याला मजकुराकडे पुन्हा पाहावं लागलं, तर पहिलं वाक्य नव्याने लिहा.